प्रकल्प नोंदी: ‘सोमवार सकाळ’ लघुपटाचे संवाद

२ जून

कथेचा गाभा आज पक्का झाला. दोन बहिणी आहेत. थोरली मेधा बरीच वर्षं वडिलांजवळ राहून त्यांचं सगळं करते. धाकटी रेवा लांब राहते, आली की दोन दिवस थांबून परत जाते. आता मेधाला कामासाठी पंधरा दिवस बाहेर जायचं आहे, म्हणून रेवा आली आहे. मेधा निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघी टेबलापाशी बसतात आणि मेधा तिला वडिलांची औषधं समजावून देते. फिल्म साधारण नऊ मिनिटांची आहे, आणि त्यातली चार-साडेचार मिनिटं हा एकच प्रसंग आहे.

खरी गोष्ट अशी की मेधा पंधरा दिवसांनी परत येणार नाही. ती हे सांगणार नाही. रेवाला ते प्रसंगाच्या मधोमध कळतं, आणि तीही ते बोलून दाखवणार नाही.

दिग्दर्शिकेची अट एवढीच आहे की थकवा, राग, माफी, प्रेम यातला एकही शब्द कुणाच्या तोंडी येऊ नये. मी ही अट जरा वाढवून घेतली आहे. भावनेचं नाव घ्यायचं नाही आणि भावनेविषयी आडून बोलायचंही नाही. ‘आपलं आयुष्यही या डब्यासारखंच खणाखणात वाटलं गेलंय’ असं वाक्य कुणी म्हणालं, तर ते ‘मी दुःखी आहे’ म्हणण्याइतकंच उघडं आहे, फक्त त्याला चांगले कपडे घातलेले आहेत.

५ जून

आज मुद्दाम उघडा मसुदा लिहिला. यात प्रत्येकजण मनातलं सगळं बोलून टाकतो. हा मसुदा पडद्यावर जाण्यासाठी नसतोच. नक्की काय लपवायचं आहे, हे त्यातून मला स्वतःला कळतं. त्यातला मधला तुकडा:

मेधा: मी थकलेय, रेवा. इतकी वर्षं मी एकटीने काढली.
रेवा: माहितीये मला. मला रोज अपराधी वाटतं, ताई.
मेधा: मी परत येणार नाहीये.
रेवा: मला शिक्षा देतेयस का?
मेधा: एका रात्री मी बाबांना मुद्दाम जास्त गोळी दिली. मला झोप हवी होती म्हणून.
रेवा: मी समजू शकते.

कागदावर हे वाईट दिसत नाही. एखादी चांगली अभिनेत्री यावर रडूही शकेल. पण शेवटच्या ओळीनंतर प्रेक्षकाला करायला काहीच उरत नाही. त्याला जे शोधायचं होतं ते दोघींनी मिळून त्याच्या हातात ठेवलं आहे.

या मसुद्याशेजारी मी प्रत्येकीसाठी तीन गोष्टी लिहून काढल्या. तिला काय माहीत आहे, समोरचीकडून तिला या क्षणी काय हवं आहे, आणि ती ते बोलत का नाही. यातल्या तिसऱ्या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. न बोलण्याला पात्राचं स्वतःचं कारण नसेल, तर ते न बोलणं लेखकाचं होतं. प्रेक्षकाला ते लगेच जाणवतं. ‘एवढं साधं विचारत का नाही ही?’ असं त्याच्या मनात येतं आणि तो फिल्ममधून बाहेर पडतो.

मेधाचं कारण असं ठरलं: परत येणार नाही म्हटलं तर रेवा रडेल, विनवेल, आणि विनवल्यावर आपण थांबू हे मेधाला ठाऊक आहे. रेवापासून ती काही लपवत नाहीये, ती स्वतःच्या निर्णयाची राखण करतेय. रेवाचं कारण वेगळं आहे. तिने ‘तू येणार नाहीस ना?’ असं विचारलं, तर लगेच अडवायचं की जाऊ द्यायचं, हे तिलाच ठरवावं लागेल. न विचारता ती फक्त जबाबदारी उचलू शकते. दोघींची कारणं एकमेकींत अडकलेली आहेत, त्यामुळे प्रसंग उभा राहील असा भरवसा वाटतो.

९ जून

पात्रांना बोलायला दुसरं काहीतरी खरं हवं. नुसतं ‘इकडचं तिकडचं बोलतात’ यावर चार मिनिटं निघत नाहीत. आमच्याकडे औषधांचा डबा आहे. आठवड्याचे सात दिवस आणि दिवसाच्या तीन वेळा, म्हणजे २१ खण. प्रत्येक खणावर झाकण. सकाळी दोन गोळ्या, दुपारी एक, रात्री अर्धी. हे काम रेवाला खरोखर शिकायचं आहे आणि मेधाला खरोखर शिकवायचं आहे. यात चूक झाली तर वडिलांना त्रास होईल. म्हणून दोघींचं बोलणं काटेकोर असेल आणि त्यात सारख्या सूचना, खात्र्या, आकडे येतील. असं बोलणं भावना दाबायला फार सोयीचं असतं, कारण सूचनेच्या आवाजात काहीही सांगता येतं.

मी स्वतः घरी डबा घेऊन बसले आणि ठरलेल्या गोळ्या भरून पाहिल्या. तेव्हा एक उपयोगी गोष्ट सापडली. रात्रीच्या सात अर्ध्या गोळ्यांसाठी चार गोळ्या कापाव्या लागतात, आणि एक अर्धी उरते. तिचं काय करायचं हा प्रश्न रेवाला पडणारच, आणि त्याचं उत्तर ‘पुढच्या आठवड्याला लागते’ हेच असणार. पुढच्या आठवड्यात मेधा नसेल हे दोघींना माहीत आहे. त्याच्या पुढच्या आठवड्याचं काय, हे मात्र बोलायचं नाही. हा संवाद मी रचला असं म्हणवत नाही, तो डब्यातून आपोआप आला. काम आधी हातानं करून बघायचं ते यासाठीच.

१२ जून

दिग्दर्शिकेशी बोलताना चेखवच्या ‘चेरी ऑर्चर्ड’मधला शेवटच्या अंकातला प्रसंग निघाला. हे नाटक १९०४ साली मॉस्को आर्ट थिएटरने पहिल्यांदा केलं. लोपाखिन वार्याला लग्नाचं विचारेल अशी सगळ्यांची अपेक्षा असते, आणि त्यासाठी दोघांना एकटं सोडलेलं असतं. वार्या सामानात काहीतरी शोधत राहते. तो विचारतो, आता कुठे जाणार. ती सांगते, एका घरी घरकारभार सांभाळायला. मग तो थंडीविषयी बोलतो, ती म्हणते आमचा तापमापक मोडलाय. बाहेरून कुणीतरी हाक मारतं आणि तो लगबगीने निघून जातो.

या प्रसंगातली वाक्यं एकेकटी वाचली तर अगदी सपाट आहेत. तापमापक मोडलाय या वाक्यात लपवलेलं असं काहीच नाही. ते काळजाला लागतं, कारण तो इथे विचारायला आला आहे हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. आमच्या फिल्मसाठी मी यातून हे घेतलं: वाक्याला अर्थाचे पदर चढवत बसण्यापेक्षा प्रेक्षकाला आधी काय माहीत असेल, ते ठरवायचं. ते बरोबर जमलं तर ‘पंधरा दिवस तर आहेत’ एवढं साधं वाक्यही भरून येईल. ते जमलं नाही, तर कितीही सूचक वाक्य लिहिलं तरी ऐकणाऱ्याला ते कोडंच वाटेल.

म्हणून आजपासून संवादाच्या आधी मी पेरणीची यादी करतेय. कोणती माहिती, कुठे, कुणाला.

१४ जून

यादी छोटी निघाली. पहिली पेरणी म्हणजे मेधाच्या बॅगा. फिल्मच्या सुरुवातीला ती खोलीत सामान भरत असते. दोन मोठ्या बॅगा, आणि त्यातल्या एकीत ती भिंतीवरची फोटोची चौकट काढून ठेवते. पंधरा दिवसांसाठी कुणी फोटो नेत नाही. हे फक्त प्रेक्षक पाहतो, रेवा नाही.

दुसरी पेरणी रेवासाठी आहे. मेधा सांगते, ही सकाळची, रिकाम्या पोटी, रोज एक. मग थोड्या वेळाने रेवा ड्रॉवर उघडते आणि त्याच गोळीच्या स्ट्रिपा तिच्या हाताला लागतात. दहा-दहाच्या नऊ. नव्वद दिवसांची सोय. जिला पंधरा दिवसांत परत यायचं आहे ती तीन महिन्यांची औषधं आणून ठेवत नाही.

रेवा: एवढ्या?
मेधा: दुकानात कधी मिळत नाहीत.
रेवा: (एक स्ट्रिप उचलून परत ठेवते) हं. असू देत.

‘असू देत’ हे रेवाचं पहिलं उत्तर आहे, आणि ते प्रश्न पडायच्या आधीच आलेलं आहे. मेधाला वाटतं की रेवाला कळलं नाही. प्रेक्षकाला वाटतं की कळलं. इथून पुढे दोघींच्या मनात वेगवेगळं चित्र आहे, आणि खरा ताण तिथूनच सुरू होतो.

‘दुकानात कधी मिळत नाहीत’ हे खोटं आहे, पण पटण्यासारखं खोटं आहे. पात्र टाळतंय असं दाखवताना त्याला चांगलं कारण द्यायला हवं. ‘उगाच’ किंवा ‘असंच’ म्हणून वेळ मारून नेली, तर समोरचं पात्र मूर्ख ठरतं, कारण ते मान्य करतं.

१८ जून

अर्धी गोळी. प्रसंगाचा मणका इथे आहे, म्हणून आजचा सगळा दिवस या ओळींवर गेला.

रेवा: ही अर्धीच?
मेधा: अर्धीच. पूर्ण दिली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठत नाहीत.
रेवा: डॉक्टर म्हणाले?
मेधा: नाही. दिली होती एकदा.

उघड्या मसुद्यात ही कबुली दोन वाक्यांची होती. इथे ती तीन शब्दांची आहे आणि माहितीच्या आवाजात आली आहे. मेधा सांगतेय औषधाचा परिणाम, पण त्यात त्या रात्रीची गोष्ट आली. ती मुद्दाम दिली की चुकून, हे ती सांगत नाही. ‘चुकून दिली होती’ असं म्हणणं सोपं होतं आणि तिने तो शब्द वापरला नाही. कबुली आहे ती एवढीच.

आता रेवा काय म्हणेल? तीन उत्तरं लिहून बघितली.

पहिलं, ‘चुकून?’ हे जोरकस आहे, पण त्यामुळे रेवा न्यायाधीश होते आणि मेधाला हो किंवा नाही म्हणावं लागतं. हो म्हटलं तर ती खोटं बोलते, नाही म्हटलं तर आपण उघड्या मसुद्यात परत जातो.

दुसरं, ‘होतं असं.’ हे प्रेमळ आहे, आणि म्हणूनच नको. हे माफी देणारं वाक्य आहे. मागितलेलीच नाही ती माफी देऊन रेवा मोठी होते आणि मेधा लहान.

तिसरं, ‘कशाने कापायची?’ हे ठेवलं. रेवा न्याय करत नाही, समजूत घालत नाही, पुढची पायरी विचारते. म्हणजे हे काम आता माझं आहे असं तिने धरलं. मेधाला जे हवं होतं तेच तिला मिळतं, आणि मागावं लागत नाही.

पण एक धोका आहे. ‘कशाने कापायची?’ हे इतकं सरळ आहे की रेवाने मागचं वाक्य ऐकलंच नाही असं वाटू शकतं. ते ऐकल्याची खूण हवी, आणि ती शब्दांत नको. म्हणून त्या आधी रेवा खणांत गोळ्या टाकताना वार मोजत असते, असं केलं: सोमवार, मंगळवार, बुधवार. ‘दिली होती एकदा’ आल्यावर तिचा हात थांबतो. मग ती मोजणी विसरल्यासारखी पुन्हा सोमवारपासून सुरू करते आणि मधेच विचारते, ‘कशाने कापायची?’ मोजणी मोडली यावरून कळतं की तिने ऐकलं. पुन्हा सुरू केली यावरून कळतं की ती मागे हटली नाही. चेहऱ्यावर काही दाखवायची गरज उरत नाही.

२१ जून

आज फक्त छाटणी.

मराठीत भावना फार लहान जागेत शिरते. मेधाच्या तोंडी ‘मीच भरते दर रविवारी’ असं होतं. त्या एका ‘च’ ने तक्रार उघडी पडते. ‘दर रविवारी भरायचा’ केलं. कोण भरतं हे वाक्यातून गेलं, आणि आता ते वाक्य सूचना आहे. रेवाच्या ‘तू तरी जाऊन ये’ मधला ‘तरी’ ही गेला, कारण त्यात तिचा अपराधीपणा सांडत होता. ‘ना’, ‘गं’, ‘बरं का’ हे सरसकट काढत नाहीये, ते काढले तर बहिणी परक्या वाटतील. ‘ताई’ ही हाक मात्र मोजून ठेवली. पूर्ण प्रसंगात रेवा एकदाच ताई म्हणते, आणि तेही गोळी कापताना, ‘ताई, ही नीट मधे नाही कापली गेली’ असं. ती हाक भावनेच्या जागी ठेवली असती तर फुकट गेली असती.

कंसातल्या सूचनाही छाटल्या. ‘(डोळ्यांत पाणी)’, ‘(दुखावून)’ अशा सूचना म्हणजे संवादातून काढलेली भावना कंसात परत ठेवणं झालं. हाताने काय करते तेवढंच लिहायचं.

२५ जून

दोन्ही अभिनेत्रींबरोबर पहिलं वाचन झालं. कथा ठाऊक नसलेले चार जण ऐकायला बसले होते. त्यांना ‘समजलं का?’ किंवा ‘कसं वाटलं?’ विचारायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘छान’ येतं. फक्त एकच वस्तुस्थितीचा प्रश्न विचारला: मेधा कधी परत येईल? बॅगांचा प्रसंग वाचून दाखवला नव्हता, म्हणजे आमचा सगळा भार स्ट्रिपांवर होता.

दोघांनी ‘पंधरा दिवसांनी’ म्हटलं. म्हणजे पेरणी पोचली नाही. मागे जाऊन पाहिलं, तर ‘रोज एक’ हे वाक्य स्ट्रिपांच्या पानभर आधी होतं, म्हणजे पडद्यावर जवळपास एक मिनिट आधी. पटकथेचं एक पान साधारण एक मिनिट धरतात. तोपर्यंत ऐकणारा ते विसरला होता. ते वाक्य स्ट्रिपांच्या अगदी शेजारी आणलं, तर मात्र गणित सोडवायला दिल्यासारखं वाटतं. म्हणून मधे फक्त दुपारच्या गोळीच्या दोन ओळी ठेवल्या. लक्षात राहील इतकं जवळ, आणि मुद्दाम ठेवलंय असं वाटणार नाही इतकं दूर.

दुसरी गोष्ट वाचताना कानाला लागली. मसुद्यात रेवा फार वेळा विषय बदलत होती. प्रत्येक प्रश्नाला वेगळंच उत्तर. वाचताना दोघी चतुर वाटू लागल्या, बहिणी वाटेनात. टाळणं लक्षात यायचं असेल तर बाकीची उत्तरं सरळ हवीत. ‘सकाळी किती वाजता?’, ‘सातला.’ ‘पाण्याबरोबर?’, ‘हो.’ अशा सरळ सोप्या ओळी आता भरपूर आहेत, आणि पूर्ण प्रसंगात उत्तर फक्त तीन ठिकाणी चुकवलं जातं: स्ट्रिपा, अर्धी गोळी आणि शेवट. त्यामुळे त्या तीन जागा आपोआप उठून दिसतात.

२८ जून

शेवट लिहिला. डबा भरून झाला आहे, अर्धी गोळी उरली आहे.

रेवा: ही?
मेधा: स्ट्रिपच्या मागे चिकटवून ठेव. पुढच्या आठवड्याला लागते.
रेवा: आणि त्याच्या पुढच्या आठवड्याला उरणार नाही.
मेधा: नाही. मग परत चार कापायच्या.
रेवा: म्हणजे एक आठवडा चार, एक आठवडा तीन.
मेधा: हो.

हे निव्वळ गणित आहे आणि अगदी बरोबर आहे. पण रेवा आता आठवड्यांमागून आठवडे मोजतेय, आणि मेधा तिला थांबवत नाही. ‘मी आहे, तू जा’ आणि ‘तुला कळलं आहे’ हे दोन्ही इथे बोलून झालं. यानंतर आतून वडील ‘मेधा’ अशी हाक मारतात. मेधा उठायला जाते, तोवर रेवा उठलेली असते.

२ जुलै

तालीम. मेधा करणाऱ्या अभिनेत्रीला मजकुरामागचं सगळं नीट समजलं आहे, आणि आज तेच आड येत होतं. ‘दिली होती एकदा’ म्हणताना ती थांबायची, खाली बघायची, आवाज हळू करायची. वाक्यातून काढलेलं सगळं आवाजातून परत येत होतं. कुणी लपवत असेल तर तो लपवण्याचा प्रयत्न करतो, लपवतोय हे दाखवत नाही.

दिग्दर्शिकेने भावनेविषयी काहीच सांगितलं नाही. तिने प्रत्येक ओळीला एक क्रियापद दिलं. ‘दिली होती एकदा’साठी ‘सावध कर’. म्हणजे तू बहिणीला सावध करतेयस, ही चूक तू करू नकोस. आणि तिच्या हातात खऱ्या गोळ्यांसारख्या खडीसाखरेएवढ्या गोळ्या देऊन त्या खरोखर मोजायला लावल्या. मोजता मोजता बोलायचं म्हटल्यावर आवाज आपोआप सपाट झाला, कारण लक्ष बोटांवर होतं. त्याच ओळीने मग पाठीवर काटा आला.

रेवासाठीची क्रियापदं लिहून ठेवते, संकलनाच्या वेळी लागतील. ‘असू देत’ साठी ‘झाक’. ‘कशाने कापायची’ साठी ‘घे’. शेवटच्या आठवड्यांच्या गणितासाठी ‘सोड’. ‘दुःखी हो’, ‘माफ कर’ अशी क्रियापदं चालत नाहीत, कारण ती हाताने किंवा आवाजाने करता येत नाहीत.

९ जुलै

चित्रीकरणाचा दिवस. संवादांच्या दृष्टीने दोनच गोष्टी नोंदवण्याजोग्या.

झाकणांचा आवाज. प्रत्येक खण बंद होताना टक् असा आवाज येतो आणि तो बरोबर शब्दांवर बसत होता. आवाज घेणाऱ्याने सांगितलं की शब्दावर बसलेला आवाज नंतर सहज वेगळा काढता येत नाही. म्हणून बोलताना झाकणं अर्धवट लावायची आणि बंद व्हायचे आवाज शेवटी वेगळे घ्यायचे ठरलं. यामुळे एक फायदाही झाला. कुठल्या ओळीनंतर झाकण बंद होतं ते आता आपण निवडू शकतो, म्हणजे विरामचिन्ह आपल्या हातात आलं.

दुसरं, सातत्य. अर्धी गोळी कापणं, वार मोजणं आणि संवाद यांची जोडी प्रत्येक टेकमध्ये तीच हवी, नाहीतर शॉट जुळणार नाहीत. ‘दिली होती एकदा’ हे गुरुवारच्या खणावर येतं असं पक्कं केलं होतं. प्रत्येक टेकनंतर डबा बुधवारपर्यंत भरलेला परत मांडावा लागला. वेळ खाणारं काम आहे, पण तेवढ्यामुळे मोजणी मोडण्याचा क्षण दोन्ही बाजूंच्या कॅमेऱ्यांत सारखा मिळाला.

२२ जुलै

पहिलं संकलन पाहिलं. पडद्यावर आल्यावर काही ओळींची गरज उरली नाही. स्ट्रिपांच्या वेळचं रेवाचं ‘एवढ्या?’ काढलं. ती ओठांतल्या ओठांत मोजते हे दिसतं, मग मेधा न विचारताच म्हणते, ‘दुकानात कधी मिळत नाहीत.’ कुणी न विचारता दिलेलं कारण विचारून मिळालेल्या कारणापेक्षा जास्त उघडं पडतं.

हाकेच्या वेळी पटकथेत रेवा ‘बस तू’ म्हणत होती. तेही गेलं. ती मेधाच्या आधी उठते एवढं पुरतं, आणि आत जाताना ‘आले, बाबा’ म्हणते.

बॅगांच्या शॉटवर मात्र मतभेद झाले. संकलकाचं म्हणणं असं की तो काढला तर स्ट्रिपांच्या क्षणी प्रेक्षकाला रेवाबरोबरच धक्का बसेल. मुद्दा खरा आहे. पण मग सुरुवातीचं ‘पंधरा दिवस तर आहेत’ हे वाक्य रिकामं राहतं, आणि पहिली दोन मिनिटं प्रेक्षक फक्त औषधांची माहिती ऐकतो. बॅगा ठेवल्या तर मेधाचं प्रत्येक साधं वाक्य पहिल्यापासून भरलेलं असतं, आणि रेवाला कधी कळेल याची वाट प्रेक्षक बघत राहतो. मी बॅगांच्या बाजूने बोलले, दिग्दर्शिकेनेही तेच धरलं. फक्त चौकटीचा शॉट जवळून होता तो लांबून घेतलेल्या टेकने बदलला, कारण जवळून तो ‘हे पाहा’ असं सांगत होता.

२९ जुलै

नवीन पाच जणांना फिल्म दाखवली आणि दोन प्रश्न विचारले. मेधा कधी परत येईल? पाचही जण ‘पंधरा दिवसांनी नाही’ म्हणाले. रेवाला कधी कळलं? तिघांनी स्ट्रिपा म्हटलं, दोघांनी अर्धी गोळी. हा फरक असू द्यायचं ठरलं. त्या दोघांचं कारण ऐकण्यासारखं होतं. त्यांच्या मते स्ट्रिपा पाहून रेवाला नुसती शंका आली, ‘दिली होती एकदा’ ऐकल्यावर खात्री झाली, कारण इतकं सांगून टाकणारी माणसं परत यायचं ठरवून निघत नाहीत.

‘दिली होती एकदा’ नंतरचा मोजणीतला खंड संकलकाने चोवीस फ्रेम, म्हणजे एक सेकंद, वाढवून दिला होता. तो परत आधीच्या लांबीवर आणायचा आहे, रेवा विचार करतेय असं वाटायला लागलंय. झाकणांच्या आवाजांची यादी उद्या आवाज मिसळणाऱ्याकडे पाठवायची. गुरुवारच्या खणाचं झाकण ‘कशाने कापायची?’ नंतर बंद व्हायला हवं, आधी नाही.